लांबच्या कॉलवर स्वतःचाच आवाज परत येतो तेव्हा: हायब्रिडपासून एको कॅन्सलरपर्यंत दोष कसा शोधायचा

मुख्य कार्यालयातला माणूस आयपी फोनवरून बाहेरच्या ग्राहकाला फोन लावतो. कॉल डेटा नेटवर्कवरून दुसऱ्या शहरातल्या शाखेत जातो, तिथल्या गेटवेमधून साध्या दोन तारांच्या टेलिफोन लाइनवर उतरतो आणि ग्राहकाला लागतो. ग्राहकाला सगळं स्वच्छ ऐकू येतं. फोन लावणाऱ्याला मात्र प्रत्येक वाक्याचा शेवटचा शब्द क्षणभराने पुन्हा कानात ऐकू येतो आणि तो बोलता बोलता अडखळतो. अशी तक्रार आली की आधी त्याचा फोन बदलला जातो, मग नेटवर्क सांभाळणाऱ्याला धरलं जातं. दोष बहुतेक वेळा या दोन्ही ठिकाणी नसतो. तो कुठे असतो, का होतो आणि आकडे वाचून कसा काढायचा, हे याच एका उदाहरणावरून सविस्तर पाहू.

आधी विचारा: एको कोणाला ऐकू येतो?

ज्याला स्वतःचा आवाज परत ऐकू येतो, त्याच्या फोनमध्ये सहसा दोष नसतो. त्याचा आवाज पूर्ण प्रवास करून पलीकडे पोहोचतो, तिथे कुठेतरी त्याचा थोडा भाग परतीच्या वाटेवर सांडतो आणि तेवढाच प्रवास उलटा करून त्याच्या कानात येतो. सांडण्याची जागा विलंबाच्या पलीकडे असते. आपल्या उदाहरणात बोलणारा आणि शाखेतला गेटवे यांच्यामध्ये विलंब आहे, म्हणून संशय गेटवेवर आणि त्याच्या पुढच्या लाइनवर घ्यायचा.

याची खात्री दोन कॉलमध्ये होते. त्याच आयपी फोनवरून शाखेतल्या दुसऱ्या आयपी फोनला कॉल करा. नेटवर्क तेच, विलंब जवळपास तोच, पण वाटेत दोन तारांची लाइन नाही. एको नाहीसा झाला, तर नेटवर्क निर्दोष आहे. मग गेटवेतून बाहेरच्या एखाद्या साध्या लँडलाइनला कॉल करा. एको परत आला, तर तो दोन तारांच्या बाजूलाच तयार होतो आहे.

नेटवर्कचा दोष नसला तरी त्याचा हात असतो, तो विलंबाच्या रूपाने. त्याकडे पुढे येऊच.

हायब्रिड काय करतो आणि कुठे चुकतो

घरापर्यंत किंवा कार्यालयापर्यंत येणारी जुनी टेलिफोन लाइन म्हणजे तांब्याच्या दोनच तारा. येणारा आणि जाणारा, दोन्ही आवाज त्याच जोडीवर एकाच वेळी असतात. जवळच्या अंतराला हे स्वस्तात भागतं. लांब जायचं तर आवाज वाढवावा लागतो, आणि अँप्लिफायर एकाच दिशेने काम करतो. म्हणून लांबच्या वाटेवर जाण्याची एक जोडी आणि येण्याची दुसरी जोडी, अशा चार तारा झाल्या. आज त्या जागी फायबर किंवा आयपी पॅकेट असली, तरी दोन दिशा वेगळ्या असतात, म्हणून तिलाही चार तारांचीच बाजू म्हणतात.

दोन तारा आणि चार तारा जिथे जोडल्या जातात, तिथे हायब्रिड असतो. पूर्वी तो ट्रान्सफॉर्मरचा असे, आता लाइन कार्डवरच्या चिपमध्ये असतो. त्याचं काम तराजूसारखं आहे. एका पारड्यात खरी लाइन, दुसऱ्यात तिची नक्कल करणारं बॅलन्स नेटवर्क. चार तारांकडून आलेला आवाज दोन्हीकडे सारखा वाटला गेला, की परतीच्या वाटेवर दोन्ही भाग एकमेकांना खोडतात आणि तिकडे काहीच जात नाही. नक्कल आणि खरी लाइन यांच्यात फरक असला, की त्या फरकाइतका आवाज परतीच्या वाटेवर शिरतो. तोच एको.

हा फरक किती आवाज परत पाठवतो, ते या सूत्रावरून कळतं:

```
ERL (dB) = 20 * log10( |Z1 + Z2| / |Z1 - Z2| )
```

Z1 म्हणजे लाइनचा इम्पीडन्स, Z2 म्हणजे बॅलन्स नेटवर्कचा. समजा नेटवर्क ६०० ओहमचं आहे आणि लाइन ९०० ओहमची निघाली. बेरीज १५००, वजाबाकी ३००, भागाकार ५. म्हणजे परत येणारा आवाज मूळ आवाजाच्या एक पंचमांश, १४ डेसिबलने कमी. या घटीला एको रिटर्न लॉस किंवा थोडक्यात ईआरएल म्हणतात. ईआरएल जितका मोठा तितका एको कमी. बोलण्यात हा गोंधळ नेहमी होतो, म्हणून तो पक्का लक्षात असू द्या.

प्रत्यक्षात लाइन म्हणजे एक साधा रोध नव्हे. तारांच्या जोडीत कपॅसिटन्स असतो, त्यामुळे इम्पीडन्स फ्रीक्वेन्सीप्रमाणे बदलतो. लाइन ५०० मीटरची की ५ किलोमीटरची, तार किती जाडीची, टोकाला कोणता फोन, त्याला समांतर दुसरा फोन जोडला आहे का, या सगळ्याने तो हलतो. एकच बॅलन्स नेटवर्क सगळ्यांना पुरेसं जुळणं शक्य नाही. ते तडजोडीचं असतं. म्हणून काही देशांनी एका रोधाऐवजी रोध आणि कपॅसिटर यांची जोडणी ठरवली. युरोपात वापरली जाणारी अशी एक जोडणी म्हणजे २७० ओहम, आणि त्याच्याशी मालिकेत ७५० ओहम व १५० नॅनोफॅरड समांतर. खरी लाइन अशा जोडणीच्या जवळची आणि गेटवेचा पोर्ट मात्र ६०० ओहमवर, ही एकोची फार नेहमीची मुळं आहेत.

विलंबामुळेच सांडलेला आवाज एको होतो

हायब्रिड साध्या अॅनालॉग फोनच्या काळातही इतकाच सांडत होता, तरी जवळच्या कॉलवर कोणी तक्रार करत नव्हतं. कारण तिथे तो आवाज काही मिलिसेकंदांत परत येतो आणि कानाला तो आपल्याच बोलण्याचा भाग वाटतो. रिसीव्हरमध्ये स्वतःचा आवाज थोडा ऐकू यावा म्हणून फोनमध्ये मुद्दाम साइडटोन ठेवलेला असतो, त्यातच तो मिसळून जातो. विलंब वाढला की तोच आवाज वेगळा ऐकू येतो, आणि जितका उशीर तितका कमी आवाजही सहन होत नाही. आयटीयूच्या जी.१३१ शिफारशीत एकेरी विलंब २५ मिलिसेकंदांच्या वर गेला की एकोचं नियंत्रण हवं असं धरलं आहे.

आपल्या उदाहरणात पॅकेट भरायला २० मिलिसेकंद, नेटवर्कवर ४० आणि पलीकडे मागेपुढे येणारी पॅकेट सारखी करणाऱ्या जिटर बफरमध्ये ४० लागतात असं धरा. एका दिशेला १०० झाले, जाऊन येऊन २००. इतक्या उशिरा आलेला १४ डेसिबल कमी आवाज अगदी स्पष्ट ऐकू येतो. म्हणूनच शाखेत बसलेल्या माणसाने त्याच लाइनवरून जुन्या साध्या फोनने कॉल केला, तर त्याला काहीच जाणवत नाही आणि तो म्हणतो, ‘लाइन तर चांगली आहे’. त्याचंही खरंच असतं.

विलंबाचा हा प्रश्न उपग्रहांनी तीव्र केला. भूस्थिर उपग्रह सुमारे ३५,७८६ किलोमीटर उंचीवर असतो, त्यामुळे आवाज पलीकडे जाऊन एको परत यायला जवळजवळ अर्धा सेकंद लागतो. त्याआधी एको सप्रेसर वापरत. एक बाजू बोलू लागली की परतीची वाट दाबून टाकायची, असं त्याचं काम. एकाने बोलायचं आणि दुसऱ्याने थांबायचं, तोवर ते चालतं; दोघे एकदम बोलले की कोणाचे तरी शब्द कापले जातात. अर्ध्या सेकंदाच्या विलंबात माणसं हमखास एकमेकांवर बोलतात. वाट बंद न करता फक्त एकोच वजा करावा, या विचारावर १९६० च्या दशकात बेल लॅब्जमध्ये काम झालं. मनमोहन सोंधी यांचा तिथला १९६७ चा शोधनिबंध या विषयातला पाया मानला जातो. १९८० च्या सुमारास कॅन्सलर एका चिपवर आला आणि मग तो सर्वत्र पसरला.

कॅन्सलर एको शिकतो कसा

कॅन्सलरला दोन गोष्टी ऐकू येतात: लाइनकडे जाणारा आवाज आणि लाइनकडून येणारा आवाज. जाणाऱ्या आवाजाचे अलीकडचे नमुने तो साठवून ठेवतो. टेलिफोनचा आवाज सेकंदाला ८००० वेळा मोजला जातो, म्हणजे दर १२५ मायक्रोसेकंदाला एक नमुना. प्रत्येक साठवलेल्या नमुन्यासमोर एक गुणक असतो. सगळे गुणाकार करून बेरीज केली की एकोचा अंदाज तयार होतो. येणाऱ्या आवाजातून तो वजा करतात. वजाबाकी करून जे उरतं ती चूक, आणि त्या चुकीवरून गुणक किंचित सुधारले जातात:

```
e    = y - sum( h[k] * x[n-k] )
h[k] = h[k] + mu * e * x[n-k] / ( sum(x[n-k]^2) + d )
```

x म्हणजे लाइनकडे जाणारा आवाज, y लाइनकडून येणारा, h[k] गुणक, mu शिकण्याचा वेग. d ही छोटी संख्या फक्त शून्याने भागाकार होऊ नये म्हणून आहे.

छोट्या आकड्यांत पाहा. हायब्रिडचा एको ५ मिलिसेकंदांनी परत येतो आणि तो १२ डेसिबल कमी आहे, म्हणजे साधारण एक चतुर्थांश. ५ मिलिसेकंद म्हणजे ४० नमुने. तेव्हा चाळिसाव्या मागच्या नमुन्यासमोरचा गुणक ०.२५ व्हायला हवा, बाकी सगळे शून्य. सुरुवातीला तोही शून्य आहे. १००० उंचीचा एकच टोला गेला, तर २५० परत आला. अंदाज शून्य, चूक २५०. mu जर ०.५ असेल तर गुणक ०.१२५ होतो. पुढच्या टोल्याला अंदाज १२५, चूक १२५, गुणक ०.१८७५. दर वेळी चूक निम्मी, म्हणजे ६ डेसिबलने कमी. खरा आवाज असा सुटा टोला नसतो. त्यात शेजारचे नमुने एकमेकांशी जोडलेले असतात, म्हणून शिकणं याहून हळू होतं. कॉलच्या पहिल्या एक-दोन सेकंदांत एको ऐकू येऊन मग विरून जातो, तो याच शिकण्याचा काळ. त्याला दोष समजू नका.

वजाबाकी कधीच पूर्ण होत नाही. आवाज ए-लॉ किंवा म्यू-लॉ कोडिंगमधून जाताना जी बारीक खरखर येते, तिचं गणित गुणकांना जमत नाही. म्हणून वजाबाकीनंतर उरलेला क्षीण आवाज कापणारा एक नॉनलिनिअर प्रोसेसर असतो, आणि लाइन मेल्यासारखी वाटू नये म्हणून तो तिथे हलकासा पार्श्वरव भरतो.

सहा डेसिबलची मेख

वरच्या सगळ्या गणितात एक गृहीत आहे: y मध्ये फक्त एको आहे. पलीकडचा ग्राहक बोलू लागला की हे गृहीत मोडतं. त्याचा आवाज ‘चूक’ म्हणून मोजला जातो आणि नीट शिकलेले गुणक बिघडतात. म्हणून दोघे एकदम बोलताहेत हे ओळखून शिकणं थांबवणारा भाग कॅन्सलरमध्ये असावा लागतो. त्याची सर्वांत प्रसिद्ध रीत गायगलच्या नावाने ओळखली जाते. येणारा आवाज हा जाणाऱ्या आवाजाच्या अलीकडच्या सर्वांत मोठ्या नमुन्याच्या निम्म्याहून मोठा असेल, तर ग्राहक बोलतो आहे असं समजायचं आणि गुणक गोठवायचे.

निम्मा म्हणजे ६ डेसिबल. हायब्रिड निदान इतकी घट देतोच, या भरवशावर ही रीत उभी आहे. ती घट मिळाली नाही, तर केवळ एको आलेला असतानाही कॅन्सलरला वाटतं ग्राहक बोलतोय. तो शिकतच नाही. कॅन्सलर चालू दिसतो, त्याची सेटिंग बरोबर दिसते आणि एको कॉलभर जसाच्या तसा राहतो. माझ्या मते क्षेत्रात दिसणाऱ्या हट्टी एकोंपैकी सर्वांत जास्त इथेच अडकलेले असतात, म्हणून तपास इथूनच सुरू करावा.

उदाहरण सोडवू या

शाखेतला गेटवे सिस्कोचा आहे असं धरू. दुसऱ्या कुठल्याही गेटवेत याच गोष्टी वेगळ्या नावांनी असतात. आयपी फोनवरून त्या पोर्टमधून बाहेरच्या लँडलाइनला कॉल लावा. पलीकडच्या सहकाऱ्याला माउथपीस झाकून गप्प राहायला सांगा आणि इकडून सलग मोठ्याने वाचत राहा. टोन न लावता वाचण्याचं कारण असं की एका टोनने एकाच फ्रीक्वेन्सीची घट कळते, आणि हायब्रिडची जुळणी तर पट्ट्याच्या दोन्ही कडांना जास्त बिघडते. वाचन चालू असतानाच गेटवेवर हे पाहा:

```
show call active voice
```

त्यात `ERLLevel` आणि `ACOMLevel` हे दोन आकडे डेसिबलमध्ये दिसतात. पहिला हायब्रिडकडची घट, दुसरा कॅन्सलरसह एकूण घट. आपल्या गेटवेवर `ERLLevel` ४ आणि `ACOMLevel` ही ४ आहे असं समजा. दोन्ही सारखे, म्हणजे कॅन्सलर काहीच वजा करत नाही. आणि ४ हे ६ पेक्षा कमी, म्हणजे का करत नाही तेही कळलं.

आता पोर्टची सेटिंग पाहा. `input gain 5` आणि `output attenuation -3` दिसतं. उणे क्षीणन म्हणजे वाढ. कधीतरी ‘आवाज कमी येतो’ अशी तक्रार आली आणि कोणीतरी दोन्ही बाजू चढवल्या. एको या दोन्हींतून जातो: जाताना ३ डेसिबल वाढतो, परत येताना ५. हायब्रिडची खरी घट १२ होती, त्यातले ८ असे गेले आणि उरले ४. ही वाढ कॅन्सलर आणि लाइन यांच्या मध्ये बसते म्हणूनच ती घातक आहे. तुमच्या यंत्रात ती कॅन्सलरच्या पलीकडे, आयपीच्या बाजूला बसत असेल, तर हा हिशोब लागू होत नाही. ते आधी तपासून घ्या.

दोन्ही शून्यावर आणा, पोर्ट बंद करून पुन्हा चालू करा आणि मोजा. `ERLLevel` १२ यायला हवा. मग इम्पीडन्सकडे वळा. उपलब्ध पर्याय एकेक लावायचे, दर वेळी तोच कॉल, तेच वाचन, आणि ज्याला सर्वांत मोठा `ERLLevel` येईल तो ठेवायचा. ६०० ओहमवर १२ असलेली लाइन वर सांगितलेल्या युरोपीय जोडणीवर १७ झाली, असं धरा:

```
voice-port 0/1/0
 impedance complex2
 input gain 0
 output attenuation -3
 echo-cancel coverage 64
 shutdown
 no shutdown
```

इथे जाण्याच्या दिशेने ३ डेसिबल परत दिले आहेत, कारण लांब लाइनवर ग्राहकाला आवाज खरंच कमी जात होता. १७ मधून ३ गेले तरी १४ उरतात, आणि गायगलच्या ६ वर भरपूर जागा राहते. कार्यालयातल्या माणसाला आवाज कमी वाटत असेल तर तो त्याने स्वतःच्या फोनवर वाढवावा. त्याने उरलासुरला एकोही थोडा वाढतो, पण कॅन्सलरचं शिकणं बिघडत नाही. आता `ACOMLevel` ४० च्या आसपास गेला तर काम झालं.

लाइन इतकी बिघडलेली असेल की काही केल्या ६ गाठत नाही, तर `echo-cancel erl worst-case 3` ही सोय आहे. त्याने उंबरठा खाली येतो. पण मग ग्राहक हळू बोलत असताना कॅन्सलरला ते ओळखता येत नाही आणि गुणक बिघडण्याचा धोका वाढतो. आधी लाइन सुधारा, हा उपाय शेवटी ठेवा.

कव्हरेज किती हवं

कव्हरेज म्हणजे कॅन्सलर किती मागच्या नमुन्यांपर्यंत पाहतो तो काळ. ६४ मिलिसेकंद म्हणजे ५१२ गुणक. त्यात फक्त गेटवेपासून सांडण्याच्या जागेपर्यंतचा जाऊन येऊन वेळ बसायला हवा. आयपीच्या बाजूचे २०० मिलिसेकंद त्यात धरायचेच नाहीत. स्थानिक हायब्रिडचा एको काही मिलिसेकंदांत येतो. पलीकडच्या शहरातल्या लाइन कार्डवरून येणारा एको १००० किलोमीटर फायबरवरून गेला तर जायला ५, यायला ५ आणि वाटेतल्या स्विचिंगचे थोडे घेतो. ६४ पुरतात. कव्हरेज उगाच वाढवलं तर शिकायचे गुणक वाढतात आणि शिकणं मंदावतं.

ऐकून ओळखता येणाऱ्या खुणा

दोघे एकदम बोलल्यावरच एको उसळतो आणि मग निवतो, तर गुणक बिघडून पुन्हा शिकले जात आहेत. पलीकडच्याचे शब्द सुरुवातीलाच कापले जात असतील, तर नॉनलिनिअर प्रोसेसर जास्त आक्रमक झाला आहे. एको फाटका, घोगरा असेल तर पातळी इतकी चढली आहे की आवाज कुठेतरी छाटला जातोय; छाटलेल्या आवाजाची वजाबाकी गुणकांनी होत नाही, तिथे पातळी उतरवणं हाच उपाय. एको मधूनमधून येत असेल तर कॅन्सलर आणि हायब्रिड यांच्या मध्ये आणखी एखादा आयपीचा टप्पा आहे का, किंवा डिजिटल ट्रंकचं घड्याळ घसरतंय का ते पाहा. वाटेची लांबीच बदलत राहिली तर शिकलेलं दर वेळी वाया जातं.

फक्त मोबाइलवर कॉल केल्यावर एको येत असेल, तर तो बहुधा पलीकडच्या हँडसेटच्या स्पीकरमधून माइकमध्ये शिरतो आहे. मोबाइल जाळ्यातला जाण्या-येण्याचा विलंब ६४ मिलिसेकंदांच्या खिडकीत मावत नाही, तिथे तुमच्या गेटवेला काही करता येणार नाही. स्पीकरफोन बंद करायला सांगून कॉल पुन्हा करा. एको गेला तर तो त्या खोलीतला होता.

त्याच पोर्टवर फॅक्स चालत असेल तर एक फॅक्स पाठवून पाहा. फॅक्स आणि मोडेम उत्तर देताना २१०० हर्ट्झचा टोन वाजवतात. त्याची फेज दर ४५० मिलिसेकंदांनी उलटत असेल, तर कॅन्सलरने तो ऐकून स्वतः बाजूला व्हायचं असतं. पातळी बदलल्यानंतर हा टोन नीट ओळखला जातोय ना, हे फॅक्सचं पान पूर्ण उतरल्यावरच कळतं.